फळीवर पाच, विकायला तीन

कोल्हापुरी चपलांचं एक छोटं दुकान घेऊ. विक्री काउंटरवर होते, तशीच वेबसाइटवरही. एका नमुन्याचे आठ नंबरचे पाच जोड फळीवर आहेत. सकाळी वेबसाइटवर दोन जोडांची ऑर्डर आली, पैसेही जमा झाले. कुरिअरवाला मात्र संध्याकाळी येणार. तोवर माल पाच दिसतो, पण विकायला मोकळे जोड तीनच.

दुपारी मालक फळी मोजतात. हाताला पाच लागतात, कॉम्प्युटर तीन दाखवतो. ‘चुकलंय’ म्हणून ते तिनाचे पाच करतात आणि खरी चूक तिथेच होते. संध्याकाळी दोन जोड रवाना होतात, फळीवर तीन उरतात, वेबसाइट मात्र पाच विकायला बसते. पुढे दोन गिऱ्हाइकांना पैसे परत करावे लागतात. तूट नेमकी मोजणीच्या वेळी रखडलेल्या ऑर्डरींएवढी असेल, तर समजावं की चोरी झालेली नाही, मोजणी चुकली आहे.

शॉपिफायसारख्या प्रणालीत हातातला माल, ऑर्डरीत अडकलेला आणि मोकळा, असे तीन आकडे वेगळे दिसतात. वूकॉमर्समध्ये साधारणपणे एकच आकडा असतो आणि पैसे भरलेली ऑर्डर येताच तो कमी होतो. तिथे फळीवरची मोजणी जशीच्या तशी भरू नये, रखडलेल्या ऑर्डरी वजा करून भरावी. त्याहून सोपं म्हणजे ऑर्डर येताच जोड फळीवरून काढून, ऑर्डर नंबरची चिठ्ठी लावून वेगळ्या कप्प्यात ठेवावा. मग फळीवर दिसेल तेच मोकळं.

काउंटरचं बिल आणि वेबसाइट एकाच शिलकेतून वजा होत असतील, तरच हे जमतं. रात्री वहीवरून आकडे चढवले, तर दिवसभर वेबसाइट जुन्याच शिलकेवर विकत राहते.

दुसरी चूक लवकर दिसत नाही. गिऱ्हाइकाला आठ नंबर दिला, बिल मात्र सातचं फाडलं. एकूण जोड जुळतात, पण आठचा एक कमी आणि सातचा एक जास्त भरतो. म्हणून मोजणी नंबरवार करावी, प्रत्येक नंबरच्या खोक्याला वेगळा बारकोड लावावा आणि बिल करताना तोच स्कॅन करावा.

परत आलेलं पार्सलही उघडून, जोड तपासल्यावरच शिलकेत घ्यावं.

एवढं करूनही एक फट उरते. दुकानात गिऱ्हाईक शेवटचा जोड पायात घालून पाहत असतं, बिल झालेलं नसतं, तेवढ्यात तोच जोड वेबसाइटवर विकला जातो. नुसती शिलकेची नोंद हे अडवू शकत नाही. म्हणून ज्या नंबरचा एकच जोड उरला असेल, तो वेबसाइटवरून उतरवावा आणि काउंटरवरच विकावा.