मुलाखतीनंतरचा मेल

मुलाखत चांगली झाली की एक-दोन दिवसांत एचआरचा मेल येतो. मागच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा पाठवा, अपडेट केलेला रेझ्युमे पाठवा, सध्याचा आणि अपेक्षित सीटीसी कळवा. Cc मध्ये मुलाखत घेणारा मॅनेजर असतो, त्याच्या टीममधला आणखी एक जण असतो आणि ज्या कन्सल्टंटमार्फत अर्ज गेला तोही असतो. उमेदवाराचं नाव समजा स्नेहल पाटील. ती घाईघाईत फोनवरूनच उत्तर देते आणि मोकळी होते. त्या उत्तराचं पुढे काय होतं, हे मात्र तिला दिसत नाही.

एचआरमधली व्यक्ती सगळ्या फायली डाउनलोड करते. त्याच फोल्डरमध्ये इतर उमेदवारांच्याही फायली येऊन पडलेल्या असतात. तिथे `resume.pdf` आधीच असेल, तर स्नेहलची फाईल `resume (1).pdf` होऊन बसते. मेलपासून सुटलेल्या फायलीची ओळख म्हणजे तिचं नाव, दुसरं काही नाही. म्हणून नावं अशी द्यावीत:

```
Snehal_Patil_Resume.pdf
Snehal_Patil_Payslip_2025-04.pdf
Snehal_Patil_Payslip_2025-05.pdf
Snehal_Patil_Payslip_2025-06.pdf
```

वर्ष आधी आणि महिना आकड्यात लिहिला, की स्लिपा आपोआप क्रमाने लागतात. महिन्यांची इंग्रजी नावं घातली तर वर्णक्रमाने जून मेच्या आधी जातो. `04/2025` असं लिहिता येत नाही, कारण विंडोज फायलीच्या नावात तिरकी रेघ घेतच नाही. `final` आणि `new` हे शब्द तर काढूनच टाकावेत. आपल्या घरच्या चार मसुद्यांचा हिशेब समोरच्याला कशाला?

दोन गोष्टी फायलीच्या नावात दिसत नाहीत, पण समोरच्याकडे अडचण करतात. मित्राच्या वर्डच्या फायलीवरून रेझ्युमे बनवला असेल, तर त्या फायलीच्या माहितीत `Title` या रकान्यात त्याचंच नाव राहिलेलं असू शकतं. पीडीएफ ब्राउझरमध्ये उघडली की वरच्या टॅबवर बहुधा तेच झळकतं. वर्डमध्ये `File`, मग `Info` उघडून ते बदलावं आणि पीडीएफ पुन्हा बनवावी. दुसरी गोष्ट पासवर्डची. बऱ्याच कंपन्यांच्या पगाराच्या स्लिपा पासवर्ड लावून येतात, आणि तो पॅन किंवा जन्मतारखेवरून बनवलेला असतो. आपल्या फोनमध्ये त्या उघडतात म्हणून लक्षात येत नाही. एचआरकडे मात्र कुलूप दिसतं. स्लिप उघडून, प्रिंटमधून पुन्हा पीडीएफ म्हणून सेव्ह केली की सहसा पासवर्ड निघतो. पाठवण्याआधी ती दुसऱ्या फोनवर किंवा संगणकावर उघडून पाहावी.

आता उत्तर कोणाला जावं? ‘सगळ्यांना रिप्लाय’ हा शिष्टाचार आहे असं अनेकांना वाटतं. मला वाटतं, मजकूर कोणाच्या कामाचा आहे ते पाहून ठरवावं. पुढच्या फेरीची वेळ कळवायची असेल तर सगळ्यांनाच उत्तर द्यावं, कारण प्रत्येकाला वेळ राखून ठेवायची असते. एकालाच कळवलं तर बाकीचे ताटकळतात. पगाराचा आकडा आणि स्लिपा हा मात्र एचआरचा विषय. टीममधल्या ज्या व्यक्तीशेजारी उद्या बसायचं, तिच्या मेलबॉक्समध्ये आपला पगार जाऊन पडण्याचं काही कारण नाही. तेव्हा स्नेहलने दोन उत्तरं लिहावीत. सगळ्यांना एक ओळ: “धन्यवाद, कागदपत्रं एचआरकडे स्वतंत्र पाठवत आहे.” आणि एचआरला आकडे व फायली. बाकीचे का वगळले, हा प्रश्नच मग उरत नाही. कन्सल्टंटला पगाराच्या मेलमध्ये ठेवायचं का, हे त्यालाच आधी विचारावं. पुष्कळदा तोच बोलणी करत असतो. विषयाची ओळ बदलू नये. जीमेलमध्ये ती बदलली की उत्तर जुन्या संभाषणातून तुटतं आणि वेगळं दिसतं.

सहीत पूर्ण नाव, +91 सह मोबाइल नंबर आणि लिंक्डइनचा पत्ता, एवढं पुरे. सुविचार नको, जन्मतारीख तर नकोच. सध्याच्या कंपनीचं पद आणि लोगोही नको. आपण कंपनीच्या वतीने लिहीत नसतो, आणि लोगो कधीकधी वेगळी जोडलेली फाईल म्हणून पोचतो. संगणकावरच्या जीमेलमध्ये नव्या मेलची आणि उत्तराची सही वेगवेगळी निवडावी लागते. उत्तरासाठी निवडली नाही, तर नेमक्या या मेलला सहीच लागत नाही. शिवाय ती जुन्या मजकुराच्या खाली जाऊन बसू नये म्हणून, उद्धृत मजकुराच्या आधी सही घालण्याची खूण तिथेच करावी. फोनवरची सही वेगळी तपासावी, नाहीतर आयफोनच्या मेल ॲपमधून `Sent from my iPhone` तेवढं जातं.

फायली आधी जोडाव्यात, To चा रकाना शेवटी पाहावा. जीमेलच्या सेटिंगमध्ये `Undo Send` ची मुदत 5 सेकंदांवरून 30 पर्यंत वाढवता येते. तरीही चुकीची फाईल गेलीच, तर त्याच संभाषणात योग्य फाईल जोडून लिहावं: “मे महिन्याची स्लिप चुकून दोनदा गेली, जूनची सोबत जोडली आहे.”