फक्त संपादकांसाठी

शोधनिबंध परीक्षणासाठी आला की परीक्षकाच्या संगणकावर उघडणाऱ्या अर्जात अभिप्रायासाठी साधारणतः दोन चौकटी असतात. पहिल्या चौकटीतला मजकूर लेखकाला पाठवला जातो, दुसरीतला केवळ संपादक वाचतो. ही दुसरी चौकट बहुतेक वेळा रिकामीच राहते. मात्र निबंध वाचताना 'हा परिच्छेद आपण पूर्वी कुठेतरी वाचला आहे' असे परीक्षकाला वाटले, की तिचे महत्त्व एकदम वाढते.

लेखकाने स्वतःच्याच जुन्या निबंधातील मजकूर नव्या निबंधात वापरणे याला 'टेक्स्ट रिसायकलिंग' म्हणतात. यात दुसऱ्याचे काही चोरलेले नसते, त्यामुळे हा गुन्हा आहे की सोय, याबद्दल संशोधकांतच मतभेद असतात. खरे पाहता उत्तर एकच नाही. पुन्हा वापरलेला मजकूर निबंधाच्या कोणत्या भागात आहे, यावर ते अवलंबून असते. परीक्षकाच्या गोपनीय टिपणाने नेमके हेच संपादकाला दाखवायचे असते.

एक कल्पित उदाहरण घेऊ. मधुमेही रुग्णांच्या पायाच्या जखमांवर एका नव्या मलमपट्टीचा काय परिणाम होतो, हे सांगणारा निबंध परीक्षकाकडे आला आहे. ३२ रुग्णांना नवी पट्टी आणि ३२ जणांना नेहमीची साधी पट्टी, अशी तुलना आहे. परीक्षकाला याच विषयावरचा, दोन वर्षांपूर्वी छापलेला एक निबंध आठवतो. त्यात वेगळ्या पट्टीची साध्या पट्टीशी तुलना होती. तो दोन्ही निबंध शेजारी ठेवतो, तेव्हा तीन ठिकाणी साम्य दिसते.

पहिले साम्य कार्यपद्धतीच्या भागात आहे. जखम कशी धुतली, क्षेत्रफळ कसे मोजले, हे दोन परिच्छेद जवळजवळ शब्दशः सारखे आहेत. यात फारसे वावगे नाही. तीच पद्धत वापरली असेल तर तिचे वर्णन दरवेळी शब्द फिरवून केल्याने अचूकता वाढत नाही, उलट घोटाळा होऊ शकतो. जुन्या निबंधाचा संदर्भ दिला की पुरे. दुसरे साम्य चर्चेच्या भागात आहे. तिथे एक संपूर्ण परिच्छेद जसाच्या तसा उचलला आहे आणि संदर्भ दिलेला नाही. चर्चा म्हणजे या निष्कर्षांचा नवा अर्थ. तो आधीच लिहून ठेवलेला असेल, तर या निबंधात नवे काय, असा प्रश्न पडतो.

तिसरे साम्य मात्र शब्दांचे नाही, आकड्यांचे आहे. साध्या पट्टीच्या गटाचे सरासरी वय ५४.३ वर्षे, जखमेचे सरासरी क्षेत्रफळ ६.८ चौरस सेंटिमीटर, जखम भरण्याचा सरासरी काळ ११.४ आठवडे. दोन्ही निबंधांत हे आकडे दशांशापर्यंत सारखेच आहेत. वेगवेगळ्या ३२ माणसांच्या दोन गटांत असे घडणे जवळपास अशक्य. म्हणजे रुग्ण तेच असावेत, आणि निबंधात तसा उल्लेख नाही.

याने कोणाचे काय बिघडते? वैद्यकीय उपचारांचे निर्णय पुष्कळदा एका निबंधावरून नव्हे, तर अनेक निबंधांतील आकडे एकत्र करून घेतले जातात. तेच रुग्ण दोनदा मोजले गेले तर ही बेरीजच चुकते. याचा पुरावा १९९७ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेनंतरच्या उलट्या थांबवणाऱ्या ऑनडॅनसेट्रॉन या औषधावरील चाचण्या मार्टिन ट्रेमर आणि सहकाऱ्यांनी तपासल्या. प्रसिद्ध झालेल्या अहवालांपैकी १७ टक्के पुनरावृत्त निघाले. ती पुनरावृत्ती न ओळखता आकडे एकत्र केले असते, तर औषधाची परिणामकारकता २३ टक्क्यांनी फुगलेली दिसली असती.

आता टिपण. आपल्या उदाहरणातील परीक्षक दुसऱ्या चौकटीत साधारण असे लिहील: 'सोबत दिलेल्या पूर्वप्रसिद्ध निबंधाशी या हस्तलिखिताचे तीन ठिकाणी साम्य आढळले. पान ४ वरील कार्यपद्धतीचे दोन परिच्छेद सारखे आहेत. संदर्भ दिल्यास माझी हरकत नाही. पान ११ वरील दुसरा परिच्छेद शब्दशः तोच आहे. तक्ता २ मधील साध्या पट्टीच्या गटाचे तिन्ही आकडे जुन्या निबंधाच्या तक्ता १ मध्ये तसेच आहेत. हा गट दोन्ही अभ्यासांना सामाईक आहे का, हे लेखकांना विचारावे. लेखकांची नावे मला ठाऊक नाहीत, त्यामुळे मजकूर त्यांचा स्वतःचा की अन्य कोणाचा, याबद्दल माझे मत नाही.'

या टिपणात 'चोरी' हा शब्द नाही, तसा हेतूचा आरोपही नाही. शेवटचे वाक्य विशेष महत्त्वाचे आहे. लेखकांची नावे झाकून परीक्षण होते, तेव्हा पुनर्वापर की वाङ्मयचौर्य हे परीक्षक ठरवूच शकत नाही. ते संपादकालाच दिसते. परीक्षकाने लेखकाला परस्पर विचारणेही बरे नव्हे, कारण त्यातून परीक्षकाची ओळख उघड होते. हस्तलिखित एखाद्या बाहेरच्या संकेतस्थळावर चढवून तपासणे हाही गोपनीयतेचा भंग ठरतो. आणि उचललेला मजकूर परीक्षकाच्या स्वतःच्याच निबंधातला असेल, तर त्याने ते आधी सांगायला हवे.

पुढचे काम संपादकाचे. संपादकांना मार्गदर्शन करणारी 'कमिटी ऑन पब्लिकेशन एथिक्स' ही संस्था १९९७ पासून काम करते. तिने आखून दिलेल्या क्रमानुसार संपादक आधी साम्य स्वतः पडताळतो, मग लेखकाला तटस्थ शब्दांत पत्र लिहून खुलासा मागतो. काय ठरले, ते परीक्षकालाही कळवावे, अशी अपेक्षा असते.

साम्य शोधणारी सॉफ्टवेअरे आहेत, मग परीक्षक कशाला, असे कोणी विचारील. सॉफ्टवेअर किती टक्के मजकूर जुळला ते सांगते, पण त्या जुळण्याचे वजन सांगत नाही. आपल्या देशात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्यास दंड नाही. आयोगाने २०२० मध्ये स्वतःच्या लेखनाच्या पुनर्वापराबाबत वेगळी सूचनाही काढली. पण आपल्या उदाहरणातले तक्त्यातील तीन आकडे एक टक्काही भरणार नाहीत, आणि निबंधातला सर्वांत गंभीर दोष तोच आहे.

तो दोष की निष्काळजीपणा, हे खुलाशावर ठरेल. समजा, लेखकांनी कळवले की मूळ चाचणीच तीन गटांची, ९६ रुग्णांची होती. दोन पट्ट्यांचे निकाल दोन निबंधांत लिहिले, साध्या पट्टीचा गट मात्र एकच. चाचणीची नोंदणी त्याला दुजोरा देत असेल, तर आकडे खोटे नाहीत, वाचकाला अंधारात ठेवले गेले एवढेच. मग निबंधात ते स्पष्ट लिहून, जुन्या निबंधाचा संदर्भ देऊन आणि चर्चा नव्याने लिहून काम भागू शकते. नोंदणीत तसे काही नसेल, तर निबंध नाकारला जाईल आणि प्रकरण लेखकांच्या संस्थेपर्यंतही जाऊ शकेल. टिपण लिहिताना यांपैकी काय खरे, हे परीक्षकाला माहीत नव्हते. म्हणूनच त्याने पान आणि तक्ता दाखवला, आणि निकाल लिहिला नाही.