विक्री केंद्रातील नाशवंत माल : आधी आलेला आधी विकावा की नंतरचा?

अलीकडे अनेक शेतकरी गट, महिला बचत गट आणि शेतकरी उत्पादक कंपन्या आपला माल व्यापाऱ्याकडे न देता स्वतःच्या विक्री केंद्रातून विकू लागल्या आहेत. दूध, दही, पनीर, भाजीपाला, फळे असा हा माल असतो. उत्पादन चांगले असते, गिऱ्हाईकही असते, तरी महिनाअखेरीस हिशेब जुळत नाही. अशा वेळी मांडणीच्या फळीकडे एकदा बारकाईने पाहावे. पुष्कळदा नुकसान तेथेच होत असते.

माल मांडण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिली, आधी आलेला माल आधी विकणे. दुसरी, नंतर आलेला माल आधी विकणे. दुसरी पद्धत कोणी ठरवून स्वीकारत नाही, ती आपोआप घडते. सकाळी माल येतो, दुकानातील मुलगा घाईत असतो, तो नवी पाकिटे पुढच्या रिकाम्या जागेत लावतो. गिऱ्हाईक हाताशी येईल ते पुढचे पाकीट उचलते. कालचे पाकीट मागे राहते ते राहतेच. टोमॅटोच्या ढिगावर नवा क्रेट ओतला तरी हेच होते. वरचे टोमॅटो रोज बदलतात, तळचे मात्र तेच असतात.

पनीरचे उदाहरण

पनीर थंड जागी, म्हणजे १० अंश सेल्सिअसच्या आसपास, साधारण सहा दिवस टिकते. मात्र तीन दिवसांनंतर त्याचा ताजेपणा कमी होऊ लागतो. समजा, एका केंद्रात २०० ग्रॅमची २५ पाकिटे रोज येतात आणि २५ च विकली जातात. एका सोमवारी पाहुणे येणार म्हणून ३० पाकिटे मागवली, पण विक्री नेहमीचीच झाली. पाच पाकिटे उरली.

नवा माल पुढे लावला तर मंगळवारी नवी २५ विकली जातील व ती पाच मागेच राहतील. बुधवारी, गुरुवारी तेच होईल. शनिवारी सहा दिवस पूर्ण होतील आणि पाचही पाकिटे फेकावी लागतील. जुनी पुढे घेतली तर मंगळवारी आधी ती पाच जातील, मग नव्यातील २० जातील. रात्री उरतील पाचच, परंतु ती त्याच दिवशीची असतील. असे रोज चालू राहिले तरी शिल्लक माल एक दिवसापेक्षा जुना होत नाही व काहीच फेकावे लागत नाही. माल तेवढाच आणि गिऱ्हाईक तेवढेच असून फक्त जागेची अदलाबदल पाच पाकिटे वाचवते.

ही पाच पाकिटे किरकोळ समजू नयेत. पाकीट ७० रुपयांना पडत असेल आणि ८० ला विकत असाल, तर एक फेकलेले पाकीट सात पाकिटांचा नफा खाते. पाच पाकिटे म्हणजे ३५ पाकिटांची विक्री फुकट गेली.

पद्धत कोठे अपुरी पडते

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. आधी आलेला माल आधी विकल्याने जादा मागवलेला माल कमी होत नाही. वरील केंद्राने रोजच ३० पाकिटे मागवली आणि २५ विकली, तर शिल्लक रोज पाचने वाढेल. नवा माल पुढे लावणाऱ्या दुकानात सहाव्या दिवसापासून रोज पाच पाकिटे फेकावी लागतील. जुना पुढे लावणाऱ्या दुकानात सुमारे महिनाभर काहीच फेकावे लागणार नाही. म्हणून मालक निश्चिंत राहतो. परंतु या महिन्यात गिऱ्हाइकाच्या हाती पडणारे पनीर हळूहळू शिळे होत जाते. सहाव्या दिवशी एक दिवसाचे, अठराव्या दिवशी तीन दिवसांचे, तिसाव्या दिवशी पाच दिवसांचे! त्यानंतर येथेही रोज पाच पाकिटे फेकणे सुरू होतेच आणि वर प्रत्येक गिऱ्हाइकाला शेवटच्या दिवसाचा माल मिळतो. माझ्या मते हे पहिल्या दुकानापेक्षा वाईट, कारण तेथे निदान बहुतेकांना ताजे मिळत होते.

हे वेळीच कसे ओळखावे? रोज रात्री सर्वात पुढच्या पाकिटावरील तारीख पाहावी. ती आठवडाभर तेवढ्याच दिवसांपूर्वीची राहिली तर मागणी बरोबर आहे. तारीख मागे मागे सरकत असेल किंवा फ्रिज दिवसेंदिवस भरत असेल, तर मांडणी कितीही नीट असली तरी खरेदी कमी करावी.

मांडणी करताना

नवा माल आत ठेवण्यापूर्वी फळी रिकामी करावी, पुसावी, नवी पाकिटे मागे लावावीत आणि जुनी पुढे आणावीत. जुने न हलवता नवे मागे सरकवण्याचा प्रयत्न फसतो, विशेषतः ज्या फ्रिजला पुढूनच दार असते तेथे. पाकिटावरील बारीक छापील तारीख घाईत वाचता येत नाही, म्हणून खोक्यावर वाराप्रमाणे रंगीत ठिपका लावावा. सोमवारी लाल, मंगळवारी निळा असे एकदा ठरवले की निरक्षर मदतनीसही चूक करत नाही.

गिऱ्हाईक हुशार असते, ते मागे हात घालून ताजे काढते. त्यासाठी फळीवर एका वेळी थोडाच माल ठेवावा, बाकीचा आतल्या फ्रिजमध्ये राहू द्यावा. दोन तारखांची पाकिटे शेजारी शेजारी, एकाच भावाने कधीही ठेवू नयेत. नवेच उचलले जाते. मुदत संपायला एक दिवस उरला असेल तर ती पाकिटे वेगळी काढून भाव कमी करून, कारण सांगून विकावीत. मुदत संपलेले, पृष्ठभाग पिवळसर किंवा बुळबुळीत झालेले, आंबूस वास येणारे पनीर मात्र विकू नये. मुदत संपलेला माल विकण्यास कायद्यानेही मनाई आहे.

भाजीपाल्याचे निराळे

भाजीवर तारीख नसते आणि आगमनाचा क्रमही नेहमी उपयोगी पडत नाही. काल आलेले टोमॅटो पांढुरके-गुलाबी असतील आणि आज दुसऱ्या शेतातून आलेले लालबुंद, तर आजचे आधी विकले पाहिजेत. उन्हात चार तास उभ्या राहिलेल्या गाडीतील माल सावलीतून आलेल्या कालच्या मालापेक्षा लवकर उतरतो. म्हणून भाजी व फळांत 'जे आधी खराब होणार ते आधी विकावे' हा नियम धरावा. टोमॅटो, आंबा, केळी आल्याबरोबर पक्वतेनुसार दोन-तीन क्रेटमध्ये वेगळी करावीत, एकमेकांवर ओतू नयेत. तळचा एक फुटका टोमॅटो शेजारच्या चांगल्या टोमॅटोंनाही बुरशी लावतो.

मेथी, कोथिंबीर, पालक यांना वरील हिशेब लागू पडत नाही. कालची कोमेजलेली जुडी पुढे ठेवली तर गिऱ्हाईक तीही घेत नाही आणि मागची ताजीही पाहत नाही. पालेभाज्यांत ताजीच पुढे ठेवावी. आदल्या रात्रीची शिल्लक जुडी सकाळी दुकान उघडण्यापूर्वीच बाजूला काढून जवळच्या खानावळीला कमी भावात द्यावी, तीही चालत नसेल तर जनावरांपुढे टाकावी. मात्र अशा रोज किती जुड्या गेल्या ते वहीत लिहावे, म्हणजे दुसऱ्या दिवशी किती काढणी करायची ते शेतातच ठरवता येते.