रविवारी दुपारी दोनला वाजणारा अलार्म

22 ऑक्टोबर 2012 च्या सकाळी अमेरिकेच्या पूर्वेकडच्या अॅमेझॉनच्या डेटा सेंटरमधले काही स्टोरेज सर्व्हर मंदावत मंदावत अडकले आणि त्यांच्यावर चालणाऱ्या अनेक वेबसाइट बंद पडल्या. कंपनीने नंतर जाहीर केलेला खुलासा आजही वाचण्यासारखा आहे. आदल्या आठवड्यात माहिती गोळा करणारा एक सर्व्हर बिघडला, म्हणून तो बदलला होता. नव्या सर्व्हरचा पत्ता मात्र सगळीकडे पोचला नाही. ज्या मशीनना तो मिळाला नाही, त्यांच्यावरचा एक छोटा प्रोग्राम जुन्याच पत्त्यावर संपर्काचा प्रयत्न करत राहिला आणि त्या प्रयत्नांत थोडीथोडी मेमरी खात गेला. मेमरीवर देखरेख होती, तरी अलार्म वाजला नाही. हे सर्व्हर एरवीही जवळपास सगळी मेमरी वापरतात, त्यामुळे कितीला धोका म्हणायचं हे ठरवणंच अवघड होतं.

बऱ्याच सॉफ्टवेअर टीमची अडचण याच्या उलट असते. तिथे अलार्म वाजतो, वेळेवर वाजतो आणि दर काही दिवसांनी वाजतो. ज्याच्याकडे त्या आठवड्याची ‘ऑन-कॉल’ पाळी असेल तो रात्री उठतो, सर्व्हिस रीस्टार्ट करतो, आलेख खाली येतो आणि तो पुन्हा झोपतो. पुढच्या आठवड्यात पाळी बदलते आणि नवा माणूस तेच करतो. प्रत्येकाच्या वाट्याला एकदोन वेळाच येत असल्याने मुळाशी जायला कुणालाच सवड होत नाही. हे चक्र थांबवायला लागतं ते पाळी सोडणाऱ्याने पुढच्यासाठी लिहिलेलं टिपण. अशा टिपणात नेमकं काय असावं हे पाहण्यासाठी पुढे एक प्रसंग घेतला आहे. तो रचलेला आहे, पण त्यातले आकडे आणि तांत्रिक तपशील खऱ्या यंत्रांवर असतात तसेच आहेत.

ऑनलाइन विक्री करणाऱ्या एका कंपनीची ऑर्डर सांभाळणारी सर्व्हिस आहे. ती जावा भाषेत लिहिलेली असून तिच्या चार प्रती एकाच वेळी चालतात. प्रत्येक प्रतीला 4 जीबी मेमरीची मर्यादा आहे. त्यातले 85 टक्के, म्हणजे 3.4 जीबी वापरात आले की अलार्म वाजतो. 4 जीबी ओलांडले की लिनक्सचा कर्नल ती प्रत सरळ मारून टाकतो. अशा वेळी जावाला शेवटचा शब्द लिहायलाही वेळ मिळत नाही. नोंदीत फक्त 137 हा एक्झिट कोड उरतो.

शुक्रवारी संध्याकाळी पाळी सोडणाऱ्या इंजिनिअरने टिपणाच्या सुरुवातीलाच पुढच्या अलार्मची वेळ लिहिली. हा अंदाज नव्हता, साधं गणित होतं. रीस्टार्टनंतर तासाभरात प्रत 1.9 जीबीवर स्थिरावते आणि तिथून तासाला साधारण 20 एमबीने वाढते. 3.4 जीबीला पोचायला दीड जीबी वाढावी लागते, त्याला 75 तास लागतात. चारही प्रती गुरुवारी सकाळी अकराला रीस्टार्ट केल्या होत्या, म्हणजे पुढचा अलार्म रविवारी दुपारी दोनच्या सुमारास. अलार्म वाजल्यावर 4 जीबी भरायला आणखी 30 तास, म्हणजे सोमवारी रात्री आठ. हे दोन आकडे हातात आले की रविवारी अलार्म वाजल्यावर धावाधाव करायचं कारण उरत नाही. निवांतपणे मोजमापं घेता येतात.

मग तपासाचा भाग. तिने इथे ‘मेमरी तपासली, ठीक आहे’ असं मोघम लिहिलं नाही. प्रत्येक तपासणीपुढे काय पाहिलं आणि त्यावरून काय वगळता येतं हे लिहिलं.

पहिली शंका अलार्मच खोटा असण्याची होती. लिनक्स वाचलेल्या फायली रिकाम्या मेमरीत ठेवून देतो आणि गरज पडली की ती जागा लगेच मोकळी करतो. पुष्कळ डॅशबोर्ड ही जागासुद्धा ‘वापरलेली’ म्हणून मोजतात आणि मग काही बिघडलेलं नसताना अलार्म वाजतो. हे ओळखण्याचा मार्ग सोपा आहे. कंटेनरमध्ये ही एक ओळ चालवली की दोन आकडे मिळतात:

```
grep -E '^(anon|file) ' /sys/fs/cgroup/memory.stat
```

file हा आकडा वाढत असेल तर घाबरायचं कारण सहसा नसतं. anon म्हणजे प्रोग्रामने स्वतःसाठी मागून घेतलेली मेमरी. इथे file जागच्या जागी होता आणि anon चढत होता. म्हणजे अलार्म खरा होता.

दुसरी शंका जावाच्या हीपवर, म्हणजे प्रोग्राममधल्या वस्तू जिथे राहतात त्या भागावर. मेमरी वाढली की बहुतेक सगळे आधी हीपकडे बोट दाखवतात. पण या सर्व्हिसमध्ये हीपची कमाल मर्यादाच दीड जीबी आहे आणि सफाईनंतर त्यातले जेमतेम 500 एमबी भरलेले असतात, दिवसेंदिवस तेवढेच. दीड जीबीच्या पुढे जो जाऊच शकत नाही, तो एकूण आकडा 3.4 जीबीला नेणार कसा? तेव्हा वाढ हीपच्या बाहेर आहे. थ्रेडची संख्याही स्थिर होती, त्यामुळे तीही वाट बंद झाली.

तिसरं निरीक्षण सगळ्यात मोलाचं. पहाटे तीनला ऑर्डर दिवसाच्या दहाव्या हिश्श्यावर येतात, तरी मेमरीची चढण तेवढीच तिरकी राहते. गळती ग्राहकांच्या ऑर्डरींमुळे असती तर रात्री रेघ सपाट झाली असती. म्हणजे कारण घड्याळाशी बांधलेलं आहे, ठरावीक वेळाने चालणाऱ्या कुठल्यातरी कामाशी. सर्व्हिसमध्ये असं एकच मोठं काम होतं: दर पाच मिनिटांनी सहा विभागांचे अहवाल कॉम्प्रेस करून पाठवणं. टिपणात तिने त्याच्यापुढे स्पष्ट लिहिलं, ‘हा संशय आहे, सिद्ध झालेलं नाही.’ ही खूण फार महत्त्वाची असते. ती नसेल तर तीन पाळ्यांनंतर संशयाचीच वस्तुस्थिती होते आणि नंतर येणारा तिथून पुढेच शोधू लागतो.

हा अलार्म आत्ताच का वाजू लागला, याचंही उत्तर तिने शोधलं होतं. एरवी दर दोन दिवसांनी नवी आवृत्ती चढवली जाते आणि प्रत्येक वेळी सर्व्हिस आपोआप नव्याने सुरू होते. दिवाळीच्या विक्रीआधी बदल थांबवले आणि प्रती पहिल्यांदाच तीन दिवसांहून जास्त जगू लागल्या. गळती जुनीच होती.

उरलेल्या कामासाठी एक गोष्ट तिने तयार करून ठेवली होती. तिसऱ्या क्रमांकाची प्रत तिने नेटिव्ह मेमरी ट्रॅकिंग चालू करून सुरू केली होती. जावाने स्वतः कुठल्या कामाला किती मेमरी घेतली याचा हा हिशेब असतो. त्यासाठी सर्व्हिस सुरू करतानाच पर्याय द्यावा लागतो आणि ओरॅकलच्या कागदपत्रांनुसार वेग 5 ते 10 टक्के कमी होतो, म्हणून चारपैकी एकाच प्रतीवर. सुरुवातीचा हिशेब गुरुवारी baseline म्हणून साठवला होता. रविवारी फक्त फरक काढायचा होता:

```
jcmd 1 VM.native_memory summary.diff
```

या ओळीखाली टिपणातली सगळ्यात ठळक सूचना होती: ‘फरक जतन केल्याशिवाय प्रत 3 रीस्टार्ट करू नकोस. तिच्यावर हीप डंपही घेऊ नकोस, तो घेताना पूर्ण सफाई होते आणि चित्र बदलतं. बाकी तीन प्रती रविवारी सकाळी एकेक करून खुशाल रीस्टार्ट कर. प्रत 3 सोमवारी सकाळी दहापर्यंत 3.8 जीबीला जाईल. तोवर मोजमाप झालं नसेल तर तिच्याकडे येणारी वाहतूक बंद कर, पण तिला चालू ठेव.’ रीस्टार्टने दुखणं थांबतं आणि पुरावाही जातो. तीन दिवस जमवलेली माहिती एका कमांडने पुसली जाऊ नये, एवढ्यासाठी हे परिच्छेदभर लिहिणं योग्यच होतं.

फरकाचा अर्थ कसा लावायचा हेही तिने आधीच लिहून ठेवलं होतं. जावाच्या हिशेबात दीड जीबीची वाढ दिसली, तर ती ज्या रकान्यात दिसेल तिथे शोधायचं. एकूण मेमरी वाढली आणि जावाच्या हिशेबात मात्र काहीच दिसलं नाही, तर वाढ अशा लायब्ररीत आहे जी थेट सिस्टिमकडून मेमरी घेते. या साधनाला ती दिसत नाही.

रविवारी दुपारी सव्वादोनला अलार्म वाजला. नव्या इंजिनिअरने फरक काढला: एकूण वाढ दीड जीबी, जावाच्या हिशेबात जेमतेम 40 एमबी. म्हणजे दुसरी शक्यता. त्याने प्रत 3 वर अहवालाचं काम सहा तास बंद ठेवलं. नेहमीच्या गतीने 120 एमबी वाढायला हवी होती, ती 12 एमबी वाढली.

कोड वाचल्यावर कारण सापडलं. विभागाचा अहवाल रिकामा असला की फंक्शन मधूनच परत फिरत होतं आणि उघडलेला कॉम्प्रेसर बंद करायचा राहत होता. डेकोरेटरकडून भाड्याने आणलेली भांडी कार्य रद्द झालं म्हणून परतच करू नयेत, तसा हा प्रकार. नेहमीच्या मांडणीत प्रत्येक कॉम्प्रेसर हीपबाहेर सुमारे 256 केबी धरून ठेवतो. तासाला बारा वेळा, सहा विभाग, म्हणजे 72 कॉम्प्रेसर आणि 18 एमबी. हीपच्या आत तीच वस्तू अगदी लहानशी दिसते. हीप निम्माही भरत नसल्याने जुन्या वस्तूंची सफाई करण्याची गरज जावाला वाटत नव्हती. त्यामुळे बाहेरची मेमरीही सुटत नव्हती.

सोमवारी दुरुस्ती चढली. आता प्रतींची मेमरी तासाला 20 ऐवजी 2 एमबीने वाढते. या गतीने अलार्म वाजायला महिना लागेल आणि विक्री संपून नव्या आवृत्त्या सुरू झाल्या की तो वाजणारच नाही. त्या 2 एमबींचं कारण मात्र अजून कुणाला माहीत नाही. म्हणून पुढच्या शुक्रवारच्या टिपणात ही नोंद ‘बाकी’ या मथळ्याखालीच आहे.