न दिसणारा फोन नंबर

दवाखान्याच्या ईमेलवर रोज ‘तुमची वेबसाइट गुगलवर पहिल्या पानावर आणून देतो’ छापाची पत्रं येतात आणि न उघडताच कचऱ्यात जातात. त्या ढिगात एखाद्या वेब डिझायनरचं पत्र वाचलं जायचं असेल, तर डॉक्टरांना स्वतःच्या मोबाइलवर लगेच पडताळता येईल असं काहीतरी त्यात हवं.

समजा, नाशिकमधला मुलांचा दवाखाना आहे. साइटवर वरच्या बाजूला रंगीत पट्टी, त्यावर नाव, वेळा आणि फोन नंबर. दिसायला छान, पण ती सगळी पट्टी म्हणजे एकच चित्र. कडेवर तापलेलं मूल घेऊन आई नंबरवर बोट ठेवते, तर काहीच होत नाही. नंबर लक्षात ठेवून टाइप करायचा, नाहीतर शोधयादीतल्या पुढच्या दवाखान्याला फोन लावायचा. दुरुस्ती एका ओळीची आहे:

```
<a href="tel:+91XXXXXXXXXX">फोन करा</a>
```

डॉक्टरांना मात्र ही ओळ पाठवायची नाही. पत्र साधारण असं असावं:

“नमस्कार डॉक्टर, मी नाशिकमध्येच वेबसाइटचं काम करतो. तुमची साइट मोबाइलवर उघडली, तर वरच्या नंबरवर बोट ठेवूनही फोन लागत नाही, कारण तो चित्राचा भाग आहे. कृपया एकदा करून बघा. शिवाय ‘संपर्क’वरचा नकाशा जुन्या पत्त्यावर नेतो. दोन्ही गोष्टी तुमचा सध्याचा वेबवाला थोडक्या वेळात करून देऊ शकेल. तसं कुणी नसेल, तर मला कळवा.”

विषयाच्या जागी ‘साइटवरच्या नंबरवरून फोन लागत नाही’ एवढंच. सोबत फाइल जोडू नये. अनोळखी माणसाची फाइल कुणी शहाणा उघडत नाही.

दोनच चुका का? दहा सांगितल्या तर ते पत्र राहत नाही, प्रगतिपुस्तक होतं. शिवाय साइट उघडल्यावर जे कुणालाही दिसतं, तेवढंच लिहावं. लॉगिनच्या पानावर खटपट करून ‘तुमची साइट असुरक्षित आहे’ असं कळवणं म्हणजे परवानगीशिवाय कुलूप चाचपणं, आणि खोट्या रुग्णाच्या नावानं अपॉइंटमेंटचा फॉर्म भरून बघणं तर नकोच.

‘तुमचे पेशंट वाढवून देतो’ हे वाक्यही टाळावं. डॉक्टरांसाठीच्या 2002 च्या आचारनियमांत रुग्ण मिळवण्यासाठी जाहिरात करायला मनाई आहे. पत्ता बदलल्याची सूचना द्यायला मात्र मुभा आहे. त्यामुळे नकाशा दुरुस्त करण्याची गोष्ट डॉक्टर बिनघोर ऐकतात.

उत्तर आलं की खरी अडचण समोर येते. साइटचा पासवर्ड कुणाकडे आहे, हे बऱ्याचदा डॉक्टरांना ठाऊक नसतं, आणि डोमेन जुन्या डिझायनरच्याच नावावर असतं. म्हणून दुसऱ्या पत्रात दराआधी हे विचारावं: डोमेनच्या नूतनीकरणाची पावती कुणाच्या ईमेलवर येते?