स्टिक सरकते, तेव्हा नवा कंट्रोलर की नवं मॉड्यूल?

स्टिकला बोटही लावलेलं नसताना पडद्यावरचा खेळाडू आपोआप डावीकडे सरकायला लागला, की बहुतेक घरांत कंट्रोलर बाद ठरतो. प्लेस्टेशन ५ सोबत येणारा ड्युअलसेन्स आपल्याकडे पाच-सहा हजारांच्या घरात जातो, त्यामुळे हा निर्णय किरकोळ नाही. शिवाय नव्या ड्युअलसेन्समध्येही त्याच पद्धतीची स्टिक असते. म्हणजे नवा घेऊन दुखणं बरं होत नाही, फक्त पुढे ढकललं जातं.

स्टिकखाली एक छोटं मॉड्यूल असतं आणि त्याच्या दोन बाजूंना दोन पोटेन्शिओमीटर असतात. एक आडवी हालचाल मोजतो, दुसरा उभी. आत कार्बनचा पातळ पट्टा असतो आणि त्यावर धातूची जीभ घासत फिरते. जीभ जिथे असेल त्यानुसार व्होल्टेज बदलतं आणि त्यावरून कंट्रोलरला स्टिकची जागा कळते. खेळताना स्टिक सतत मध्यातून जाते-येते, म्हणून पट्टा मध्याजवळच जास्त झिजतो. आणि ‘काही हलत नाही’ हे कंट्रोलरला कळायचं असतं तेही नेमकं तिथेच.

बिघाड कोणता आहे हे उघडण्याआधी पाहता येतं. कंट्रोलर केबलने विंडोजच्या संगणकाला जोडा, `joy.cpl` चालवा आणि डाव्या स्टिकचं अधिकचं चिन्ह पाहा. स्टिक प्रत्येक दिशेला पूर्ण ढकलून सोडा. चिन्ह दर वेळी एकाच, पण मध्यापासून थोड्या बाजूच्या जागी थांबत असेल, तर नुसत्या कॅलिब्रेशनने भागण्याची शक्यता असते. ते हात न लावता थरथरत असेल, उड्या मारत असेल किंवा दर वेळी वेगळीकडे थांबत असेल, तर पट्टा किंवा मध्यावर आणणारी स्प्रिंग गेली आहे असं समजावं. आयसोप्रोपिल अल्कोहोलने धूळ जाते, झिजलेला कार्बन परत येत नाही. त्यामुळे साफसफाईचा गुण बहुधा थोडे दिवसच टिकतो.

बॅटरीचं काम त्या मानाने सोपं. खालची काळी पट्टी आणि एल१, आर१ ही बटणं हलकेच उचकटली, की चार स्क्रू दिसतात. मागचं झाकण निघालं की बॅटरी समोरच असते. ती प्लगने जोडलेली असते, सोल्डर लागत नाही. नवी लावण्याआधी लाल-काळ्या तारांचा क्रम जुन्या प्लगशी जुळवून बघा, कारण बाहेरच्या काही बॅटऱ्यांत तो उलटा असू शकतो. जुनी फुगलेली असेल तर तिला टोचू-दाबू नका, ई-कचऱ्यात द्या. आणि बॅटरीला दोष देण्याआधी दुसरी केबल लावून बघा.

स्टिक मॉड्यूल मात्र बोर्डावर सोल्डर केलेलं असतं, एकेकाला चौदा पाय. कारखान्यातलं सोल्डर बिनशिशाचं असल्यामुळे उशिरा वितळतं, आणि बोर्डाच्या तांब्याच्या मोठ्या भागाला जोडलेले पाय उष्णता ओढून घेतात. घाईत मॉड्यूल उपटलं, की पायाभोवतीचं तांब्याचं कडं निघून येतं आणि दोनशे रुपयांच्या कामात अख्खा बोर्ड जातो. बॅटरी आधी काढायची, प्रत्येक पायावर फ्लक्स आणि थोडं शिशाचं सोल्डर घालून जुनं मऊ करायचं, मग पंपाने ओढून घ्यायचं. सगळे पाय मोकळे झाले की मॉड्यूल बोटाने हललं पाहिजे. हलत नसेल तर कुठला तरी पाय अजून धरून आहे, तिथे जोर लावायचा नाही. पूर्वी कधी सोल्डर केलं नसेल, तर आधी एखाद्या भंगार बोर्डावर हात बसवावा.

एवढं करणारच असाल तर हॉल इफेक्टचं मॉड्यूल घ्यावं असं माझं मत आहे. त्यात चुंबक आणि सेन्सर एकमेकांना न शिवता जागा मोजतात, म्हणून कार्बनची झीज नाही. मात्र स्प्रिंग त्यातही असतेच, आणि स्वस्त नगांची मध्याजवळची हालचाल कधी कधी अडखळते. मॉड्यूल कुठलंही लावलं, तरी मध्य आणि पूर्ण फिरण्याची कक्षा कंट्रोलरच्या मेमरीत नव्याने नोंदवावी लागते. त्याचं मोफत साधन ब्राउझरमध्ये चालतं. हे राहिलं तर उत्तम सोल्डर करूनही स्टिक सरकतच राहते, आणि लोक नव्या मॉड्यूलला नावं ठेवतात.

वॉरंटी शिल्लक असेल तर स्क्रूला हातही लावू नये, सरळ सर्व्हिस सेंटर गाठावं. ती संपल्यावर बॅटरी घरीच बदलावी. एकच स्टिक सरकत असेल आणि बाकी सगळं ठीक असेल, तर कारागिराकडून मॉड्यूल बदलून घेणं नव्याच्या किमतीपेक्षा बरंच स्वस्त पडतं. पण चार्जिंगचं पोर्ट, ट्रिगर आणि दोन्ही स्टिक एकदम गेल्या असतील, किंवा आधीच्या दुरुस्तीत बोर्डावरची कडी उखडली असतील, तर नवा घेणंच शहाणपणाचं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात काम करून घेताना एक गोष्ट विचारून घ्या, कॅलिब्रेशन करून देणार का? पैसे देण्याआधी तिथल्याच संगणकावर `joy.cpl` उघडायला लावा आणि स्टिक चारही बाजूंना सोडून बघा.