रिकाम्या जागेपासून स्वल्पविरामापर्यंत

“____ द हेवी रेन, द मॅच स्टार्टेड ऑन टाइम.” खाली चार पर्याय: ऑल्दो, डिस्पाइट, बिकॉज, सिन्स. इंग्रजीच्या परीक्षेत असा प्रश्न दिसला की आपली मुलं आधी मनातल्या मनात मराठी करतात. जोरदार पाऊस असला तरी सामना वेळेवर सुरू झाला. ‘तरी’ सापडलं की ऑल्दोवर खूण करून पुढच्या प्रश्नाकडे वळतात. अर्थ अगदी बरोबर लावलेला असतो आणि गुण गेलेला असतो.

ऑल्दो, डिस्पाइट आणि इन स्पाइट ऑफ या तिघांच्या अर्थात फरक नाही, खरी मेख इथेच आहे. एक गोष्ट आडवी आली, तरी दुसरी घडली, एवढंच तिघंही सांगतात. त्यामुळे अर्थ पाहून आपण फार तर बिकॉज आणि सिन्स हे कारण सांगणारे शब्द बाद करू शकतो. उरलेल्यांतून निवड करायला अर्थाचा काहीच उपयोग नाही. ती निवड रिकाम्या जागेनंतर काय लिहिलं आहे, यावरून होते.

ऑल्दो हे उभयान्वयी अव्यय आहे. ते दोन वाक्यं जोडतं, म्हणून त्याच्यामागे पुरतं वाक्य यावं लागतं: कर्ता हवा आणि काळ दाखवणारं क्रियापद हवं. “ऑल्दो इट रेन्ड हेविली, द मॅच स्टार्टेड ऑन टाइम.” इथे ‘इट’ हा कर्ता आहे आणि ‘रेन्ड’ हे भूतकाळ दाखवणारं क्रियापद. दो आणि ईव्हन दो यांचीही हीच रीत. डिस्पाइट आणि इन स्पाइट ऑफ यांचं काम आपल्या शब्दयोगी अव्ययासारखं आहे. मराठीत ते नामाला मागून चिकटतं, इंग्रजीत नामाच्या आधी उभं राहतं, इतकाच फरक. त्यांना वाक्य चालत नाही. नाम किंवा नामाचं काम करणारं काहीतरी लागतं. ‘द हेवी रेन’ हे नाम आहे, पाऊस पडला की नाही हे सांगणारं क्रियापद त्यात नाही. म्हणून वरच्या प्रश्नाचं उत्तर डिस्पाइट.

हा भेद मराठी माणसाला नवा नाही. ‘जरी तो आजारी होता, तरी आला’ असं आपण म्हणतो आणि ‘आजारी असूनही तो आला’ असंही म्हणतो. पहिल्यात ‘होता’ हे काळ दाखवणारं क्रियापद शाबूत आहे. दुसऱ्यात ते गेलं आणि ‘असून’ हे धातुसाधित उरलं. त्यावरून काळही कळत नाही, लिंगही नाही. ‘जरी तो आजारी असूनही तरी आला’ असं चौथीतलं पोरही म्हणणार नाही. जरीचं वाक्य म्हणजे ऑल्दो आणि ‘असूनही’चं वाक्य म्हणजे डिस्पाइट, एवढी खूणगाठ बांधली तरी निम्मे प्रश्न सुटतात. “ऑल्दो ही वॉज इल, ही केम.” “डिस्पाइट बीइंग इल, ही केम.” आपल्या ‘असून’च्या जागी इंग्रजीत ‘बीइंग’ येतं. क्रियापदाला ‘इंग’ लागलं आणि त्याच्यासोबत ‘इज’ किंवा ‘वॉज’ नसलं, की ते नामासारखं वागू लागतं आणि डिस्पाइटच्या मागे जाऊन बसतं.

पण ही जोडी एका ठिकाणी दगा देते. ‘आई आजारी असूनही तो कामावर गेला’ हे मराठी निर्दोष आहे. आजारी एक आणि कामावर गेलेला दुसरा, हे ‘असूनही’ला खपतं. इंग्रजीत “डिस्पाइट बीइंग इल, ही वेंट टू वर्क” असं लिहिलं तर आजारी तोच ठरतो. इंगच्या रूपाला स्वतःचा कर्ता दिला नाही, तर ते स्वल्पविरामानंतरचा कर्ता उचलतं. म्हणून इथे “डिस्पाइट हिज मदर्स इलनेस” असं नाम घ्यावं लागतं. ‘पाऊस पडत असूनही आम्ही गेलो’ याचं “इन स्पाइट ऑफ रेनिंग, वी वेंट” असं भाषांतर वह्यांमधून सर्रास दिसतं, आणि त्याचा सरळ अर्थ आम्हीच पडत होतो असा होतो. बरोबर वाक्य “इन स्पाइट ऑफ द रेन, वी वेंट.”

आता गाळलेल्या जागांमधली खरी फसवणूक. ‘मागे क्रियापद असेल तर ऑल्दो, नसेल तर डिस्पाइट’ हा नियम बहुतेक शिकवण्यांमध्ये सांगतात आणि सोप्या प्रश्नांना तो पुरतो. प्रश्न काढणारा जरा कसलेला असला की तो पुरत नाही. ही दोन वाक्यं पाहा.

“____ द मनी स्पेंट ऑन द रोड, इट इज फुल ऑफ पॉटहोल्स.”

“____ द काउन्सिल स्पेंट अ लॉट ऑफ मनी ऑन द रोड, इट इज फुल ऑफ पॉटहोल्स.”

दोन्हीकडे ‘स्पेंट’ आहे, दोन्हीकडे स्पेलिंग तेच. पण पहिल्यात पैसा खर्च करत नाही, तो खर्च झालेला आहे. ‘रस्त्यावर खर्च झालेला पैसा’ हे लांबलचक असलं तरी नामच, म्हणून डिस्पाइट. दुसऱ्यात नगरपालिकेने खर्च केला, कर्ता आहे आणि त्याचं क्रियापदही आहे, म्हणून ऑल्दो. क्रियापदासारखं काही दिसलं की ‘हे कोणी केलं?’ असं विचारावं. त्याच्या आधी ‘इज’ किंवा ‘वॉज’ नसेल, तर रिकाम्या जागेनंतर लगेच येणारं नाम हे त्याचं उत्तर असेल, तरच ते वाक्य. खड्डे मात्र दोन्हीकडे तेवढेच.

याहून अवघड जोडी ‘व्हॉट’ची.

“____ व्हॉट द डॉक्टर सेड, ही वेंट टू वर्क.”

“____ व्हॉट द डॉक्टर सेड वॉज राइट, ही वेंट टू वर्क.”

पहिल्या वाक्यात ‘डॉक्टर सेड’ असा कर्ता आणि क्रियापद दोन्ही दिसतात, म्हणून हुशार मुलंसुद्धा ऑल्दो लिहितात. पण ‘व्हॉट द डॉक्टर सेड’ म्हणजे ‘डॉक्टरांनी सांगितलेलं’. या सगळ्याचं मिळून एक नाम झालं आणि स्वल्पविराम आला. त्या नामाने पुढे काही केलं नाही, म्हणून डिस्पाइट. दुसऱ्या वाक्यात तेच नाम कर्ता झालं आणि त्याला ‘वॉज’ मिळालं: डॉक्टरांनी सांगितलेलं बरोबर होतं. पुरतं वाक्य झालं, उत्तर ऑल्दो. चार शब्द वाचून थांबणाऱ्याला ही दोन वाक्यं एकच वाटतात. स्वल्पविरामापर्यंत वाचणाऱ्याला नाही. रिकामी जागा वाक्याच्या मध्ये असेल तर स्वल्पविराम बहुधा नसतोच. मग पूर्णविरामापर्यंत वाचायचं.

‘द फॅक्ट दॅट’ हे याच जातीचं. “____ द फॅक्ट दॅट इट वॉज रेनिंग” यात ‘इट वॉज’ दिसतं, पण ते ‘फॅक्ट’ या नामाला टांगलेलं आहे. उत्तर डिस्पाइट किंवा इन स्पाइट ऑफ. लांबण लावायची तयारी असेल तर या तीन शब्दांच्या जोरावर कोणतंही ऑल्दोचं वाक्य डिस्पाइटचं करता येतं. परीक्षेत हे व्याकरणाने बरोबर; लेखनात मात्र बोजड.

गाळलेल्या जागेचा सख्खा भाऊ म्हणजे वाक्यरूपांतर. दहावी-बारावीच्या व्याकरणात ते सतत येतं. समजा वाक्य आहे, “ऑल्दो ही वर्क्ड व्हेरी हार्ड, ही फेल्ड.” हे इन स्पाइट ऑफ वापरून लिहायचं. पहिली वाट: कर्ता काढा आणि क्रियापदाला इंग लावा, “इन स्पाइट ऑफ वर्किंग व्हेरी हार्ड, ही फेल्ड.” दोन्हीकडे ‘ही’च असल्यामुळे ही वाट मोकळी आहे. दुसरी वाट नामाची: “इन स्पाइट ऑफ हिज हार्ड वर्क, ही फेल्ड.” इथे ‘ही’चा ‘हिज’ झाला आणि क्रियेचं वर्णन करणारा ‘हार्ड’ नामाचं विशेषण झाला. “ऑल्दो ही वॉज पुअर”मधला ‘पुअर’ नाम होताना ‘हिज पॉव्हर्टी’ होतो. गुण जातात ते ‘इन स्पाइट ऑफ हिज पुअर’ असं अर्ध्यावर सोडल्यामुळे. आणि वाक्य नकारार्थी असेल, “ऑल्दो शी डिड नॉट हॅव मनी”, तर ‘डिड’ टिकत नाही. “डिस्पाइट हॅविंग नो मनी” असं लिहावं लागतं.

‘डिस्पाइट ऑफ’ ही चूक इतकी पसरलेली आहे की ती पर्यायांत मुद्दाम ठेवलेली असते. डिस्पाइटला ऑफ लागत नाही आणि इन स्पाइटला लागतोच. त्यामुळे वाक्यातच “____ ऑफ द रेन” असा ऑफ छापलेला असेल, तर उत्तर ‘इन स्पाइट’, डिस्पाइट कधीच नाही.

एक चूक खास आपली: “ऑल्दो ही वॉज टायर्ड, बट ही वर्क्ड.” जरी आलं की तरी यायलाच हवं, ही मराठीची सवय. इंग्रजीत ऑल्दो एकटंच दोन्ही वाक्यं जोडतं आणि पुन्हा ‘बट’ आला की वाक्य चुकतं. जुन्या व्याकरणांत दो-यट अशी जोडी दिलेली असते, ती चालते. बटची जोडी चालत नाही. प्रश्नात स्वल्पविरामानंतर ‘बट’ छापलेला असेल, तर आधीच्या जागी ऑल्दो भरू नका.

शेवटी प्रश्न काढणाऱ्यांना एक विनंती. डिस्पाइट आणि इन स्पाइट ऑफ यांच्या व्याकरणात फरक नाही. जिथे एक बसतं तिथे दुसरंही बसतं. तरी काही सराव-प्रश्नसंचांमध्ये दोन्ही पर्याय एकाच प्रश्नाखाली असतात आणि उत्तरसूचीत त्यांतला एकच बरोबर ठरवलेला असतो. असा प्रश्न मुलाच्या नव्हे, काढणाऱ्याच्या नावावर चुकीचा धरावा. नीट काढलेल्या प्रश्नात हे दोन्ही पर्याय असतील, तर दोन्ही एकदम बाद होतात आणि उत्तर उरलेल्या दोघांत असतं.